‘ॲज पर माय अर्लियर मेल’ : गोड शब्दांतला तगादा

(पॉडकास्टच्या या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय ऑफिसच्या इंग्रजीचा आहे, पण मी तो एका बिलाच्या अंगानं सांगणार आहे. ‘काइंडली रिव्हर्ट’, ‘ॲज पर माय अर्लियर मेल’, ‘जेंटल रिमाइंडर’ ही वाक्यं आपण रोज वाचतो. त्यांच्या अर्थांच्या गमतीदार याद्या मोबाईलवर फिरत असतात, की अमुक वाक्य म्हणजे ‘डोळे फुटले का तुझे’ वगैरे. हसायला ठीक आहे. पण ज्याचे चार लाख रुपये अडकलेत त्याला या वाक्यांचा खरा उपयोग माहीत असावा लागतो. कारण यातली काही वाक्यं कागदावर पुरावा म्हणून उभी राहतात आणि काही नुसतीच हवेत विरतात.

उलटटपाली कळवावे

आधी ‘रिव्हर्ट’ घेऊ. इंग्लंड-अमेरिकेच्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ‘पूर्वस्थितीला जाणे’ असा आहे. बदललेली गोष्ट पुन्हा होती तशी करायची, म्हणजे रिव्हर्ट. ‘उत्तर द्या’ हा अर्थ आपल्याकडच्या कचेऱ्यांत रुळला. भारतात तो इतका पक्का आहे की त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही परचेस खात्याला ‘काइंडली रिव्हर्ट’ लिहा, त्यांना बरोबर कळतं.

अडचण परदेशी ग्राहकाशी होते. समजा आपल्या भागातल्या कोणी कापडाचा दुसरा नमुना पाठवला आणि मेलमध्ये लिहिलं, ‘प्लीज रिव्हर्ट ऑन द सॅम्पल’. समोरचा अमेरिकन माणूस विचारात पडेल की हे पहिल्या नमुन्यावर परत जा म्हणतायत की काय? तिथं सरळ ‘रिप्लाय’ लिहावं. ‘लेट अस नो’ लिहिलं तरी चालेल. आणि ‘रिव्हर्ट बॅक’ कुठंच लिहू नये. ते ‘परत परतणे’ झालं.

आता गंमत बघा. ‘काइंडली रिव्हर्ट’ला मराठीत अगदी जुना, नेमका शब्द आहे : ‘उलटटपाली कळवावे’. पोस्टाच्या काळात पत्राच्या शेवटी हे हमखास असायचं. अर्थ असा की हे पत्र मिळालं की येणाऱ्या पुढच्याच टपालानं उत्तर पाठवा. म्हणजे त्या दोन शब्दांत विनंती होती आणि मुदतही होती. टपाल कधी निघतं हे दोघांनाही ठाऊक असायचं.

‘काइंडली रिव्हर्ट’मध्ये विनंती शिल्लक राहिली, मुदत गळून पडली. ईमेलला टपालाची वेळ नाही. त्यामुळं ‘काइंडली रिव्हर्ट’ वाचून समोरचा मनात म्हणतो, करू की कधीतरी. हे वाक्य मऊ पडतं ते ‘काइंडली’मुळं नव्हे. त्यात तारीख नसते म्हणून ते मऊ पडतं. ‘काइंडली रिव्हर्ट बाय फ्रायडे, थर्टीफर्स्ट जुलै’ असं लिहा आणि नम्रता तीच ठेवून वाक्य एकदम ताठ उभं राहिलेलं दिसेल.

संदर्भ : आमचे पूर्वीचे पत्र

आता दुसरं, ‘ॲज पर माय अर्लियर मेल’. याचंही मूळ ओळखीचं आहे. तहसीलमधून किंवा जिल्हा परिषदेतून आलेलं कुठलंही पत्र आठवा. वर ‘विषय’, त्याखाली ‘संदर्भ : या कार्यालयाचे पत्र क्रमांक अमुक, दिनांक अमुक’. मग ‘उपरोक्त विषयास अनुसरून’. उत्तर आलं नाही की दुसरं पत्र जातं, त्याच्या माथ्यावर ‘स्मरणपत्र क्र. १’. पुन्हा शांतता असेल तर ‘स्मरणपत्र क्र. २’.

त्या संदर्भाच्या ओळीत राग नसतो. ती ओळ फायलीतली दोन पत्रं एकमेकांना बांधते, एवढंच. उद्या तिसरा माणूस फाईल उघडेल, त्याला कळावं की हे पहिल्यांदा विचारलेलं नाही, अमुक तारखेला विचारलं होतं.

मग हेच वाक्य ईमेलमध्ये आलं की टोचतं का? कारण ईमेलमध्ये आपण पत्राचा क्रमांक आणि तारीख टाकत नाही. ‘ॲज पर माय अर्लियर मेल’ एवढंच लिहितो आणि तारीख नसल्यावर त्यात उरतो तो फक्त टोमणा. समोरच्याला ऐकू येतं, ‘तू वाचलं नाहीस’. तेच जर लिहिलं, ‘माझ्या २० जुलैच्या मेलमध्ये कळवल्याप्रमाणे, बिलाची मुदत १८ जुलैला संपली आहे’, तर टोमणा निघून जातो आणि नोंद उरते. ही नोंद टोमण्यापेक्षा जास्त बोचते, पण तिच्याबद्दल तक्रार कुणी करू शकत नाही.

आपल्या बोलण्यातही हे आहेच की. ‘मागं बोलल्याप्रमाणं’ असं म्हणून गडी बोलायला लागला की समोरच्याला कळतं, याच्या सगळं ध्यानात आहे.

एक बिल, तीन मेल

आता प्रत्यक्ष उदाहरण. हे रचलेलं आहे, पण यातलं सगळं रोज घडणारं आहे.

यड्राव, तालुका शिरोळ. इचलकरंजीला लागून असलेल्या औद्योगिक वसाहतीत एक छोटं युनिट कापड विणतं. मालकांची ‘उद्यम’ नोंदणी आहे, उत्पादक म्हणून, सूक्ष्म उद्योगात. त्यांनी पुण्याच्या एका कंपनीला चार लाखांचं कापड दिलं. माल ३ जूनला पोचला, चलनाच्या प्रतीवर गेटवरचा इनवर्ड शिक्का आहे. ऑर्डरवर लिहिलंय, पैसे ४५ दिवसांत. म्हणजे मुदत १८ जुलैला संपते.

मालकांची आतापर्यंतची पद्धत फोनची. ‘अहो साहेब, आमच्या बिलाचं तेवढं बघा की.’ तिकडून, ‘बघतो, करतो, या आठवड्यात होऊन जाईल.’ फोन वाईट नाही. संबंध फोनवरच टिकतात. पण फोनची फाईल होत नाही.

इथं कायद्याचं थोडं सांगायला हवं, कारण मेलमधलं प्रत्येक वाक्य त्यावर टेकलेलं आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ सालचा. त्याच्या १५व्या कलमानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरल्या तारखेला द्यायचे, आणि ती ठरलेली मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढं नेता येत नाही. लेखी काहीच ठरलेलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. आणि ‘स्वीकारला’ म्हणजे काय, तेही कायद्यात लिहिलंय. मालाबद्दल तक्रार असेल तर ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी करायची. तशी केली नाही, तर माल पोचला तो दिवसच स्वीकाराचा दिवस धरतात.

म्हणजे आपल्या उदाहरणात तक्रारीची मुदत १८ जूनला संपली आणि पैशाची १८ जुलैला. या दोन तारखा डोक्यात ठेवा.

पहिला मेल, २० जुलै. यात जुन्या मेलचा उल्लेख नाही, कारण जुना मेलच नाही. बिल क्रमांक, रक्कम, माल पोचल्याची तारीख, मुदत संपल्याची तारीख, सोबत बिल आणि शिक्क्याचं चलन जोडलेलं. शेवटी एकच प्रश्न : पेमेंट कोणत्या तारखेला होईल? पत्ता पूर्ण लिहायचा, ‘यड्राव, तालुका शिरोळ’. पुण्याच्या माणसाच्या डोक्यात आपली शिरोली एमआयडीसी असते, इंग्रजीत एका अक्षराचा फरक आहे आणि बिल भलत्याच खात्यावर शोधलं जातं.

उत्तर येतं, ‘नोटेड. विल चेक अँड रिव्हर्ट.’ हे वाक्य नीट वाचा. ‘नोटेड’ म्हणजे मेल मिळाला. ‘विल चेक’ म्हणजे अजून कुणी बघितलेलं नाही. ‘रिव्हर्ट’ला तारीख नाही. तीन क्रियापदं आहेत, आश्वासन एकही नाही. तरीही हे उत्तर तुमच्या कामाचं आहे, कारण बिल मिळालं हे त्यांनी लेखी कबूल केलं. आणि रकमेबद्दल किंवा मालाबद्दल एक शब्दही काढलेला नाही, हेही नोंदीत राहिलं.

दुसरा मेल, २८ जुलै. त्याच धाग्यावर, म्हणजे जुन्या मेललाच उत्तर म्हणून. नवीन मेल सुरू करायचा नाही, धागा तुटला की फाईल तुटली. यात आता ‘ॲज पर माय मेल ऑफ ट्वेंटिएथ जुलै’ शोभतं. मग मुदत संपून दहा दिवस झाले ही माहिती, आणि ‘३१ जुलैपर्यंत पेमेंटची तारीख कळवावी’. याच मेलमध्ये अकाउंट्स विभागाच्या प्रमुखांना सीसीमध्ये घ्यायचं आणि ते उघड लिहायचं : ‘लूपिंग इन अकाउंट्स’, सोबत कारण, की पेमेंटची तारीख त्यांच्याकडून कळेल. न सांगता साहेबांना सीसीत टाकलं तर ती चहाडी दिसते. सांगून टाकलं तर ती व्यवस्था दिसते.

आता उत्तर येतं ३० जुलैला. ‘कापडाच्या वजनात फरक आढळला आहे, मटेरियल क्वालिटीकडे पेंडिंग आहे, रिक्वेस्ट यू टू बेअर विथ अस.’

इथं नव्वद टक्के लोक घाबरून लिहितात, ‘ओके सर, नोटेड.’ हे कधीही लिहू नका. तुम्ही फक्त ‘वाचलं’ असं म्हणताय, पण फायलीत ते ‘मान्य’ असल्यासारखं दिसू शकतं.

तिसरा मेल, १ ऑगस्ट. नम्रता पहिल्या मेलइतकीच. पण आता तारखा बोलतात. ‘आमच्या नोंदीप्रमाणे माल ३ जूनला पोचला. मालाबद्दलची तक्रार आम्हाला प्रथमच ३० जुलैच्या मेलने मिळाली. १५ दिवसांच्या आत कोणतीही लेखी हरकत आलेली नाही. वरचे २० आणि २८ जुलैचे मेल पाहावेत.’ पुढं एक वाक्य : ‘हे बिल सूक्ष्म उद्योगाचं असून २००६च्या कायद्याखाली येतं, उद्यम प्रमाणपत्र पुन्हा जोडलं आहे.’ आणि शेवट : ‘७ ऑगस्टपर्यंत पेमेंट न झाल्यास आम्हाला नाइलाजाने पुढील मार्ग अवलंबावा लागेल.’ इंग्रजीत हे ‘वी विल बी कन्स्ट्रेन्ड टू’ असं लिहितात. ‘कन्स्ट्रेन्ड’चा अर्थ आपल्या ‘नाइलाजास्तव’चाच. यापुढचा मार्ग म्हणजे राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडं दाद मागणं.

‘लीगल ॲक्शन’, ‘फसवणूक’ असले शब्द नकोत. ते वाचून समोरचा मेल कायदा विभागाकडं ढकलतो आणि तुमचं बिल तिथं महिनोन्‌महिने बसतं.

समोरच्याला हे का ऐकू येतं

कुणी म्हणेल, एवढ्यानं मोठी कंपनी हलते का? नुसत्या व्याजानं सहसा हलत नाही. हिशेब करून बघा. बँक रेट समजा साडेपाच टक्के धरला, तर तिप्पट म्हणजे साडेसोळा टक्के. चार लाखांवर पहिल्या महिन्याचं व्याज साडेपाच हजार, दुसऱ्या महिन्यात त्या व्याजासकट मोजलेलं जरा जास्त. मोठ्या कंपनीला ही रक्कम जाणवत नाही.

जाणवतं ते वेगळंच. २०२३च्या वित्त कायद्यानं आयकरात एक बदल केला, धंद्यातले लोक त्याला ‘त्रेचाळीस बी एच’ म्हणून ओळखतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल कायद्याच्या मुदतीत दिलं नाही आणि ३१ मार्चला ते थकीतच राहिलं, तर त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. पैसे ज्या वर्षी दिले त्या वर्षी मिळतो. म्हणजे उत्पन्न तेवढं जास्त दिसतं आणि त्यावर कर भरावा लागतो. म्हणूनच दुसऱ्या मेलमध्ये अकाउंट्सला आणायचं आणि तिसऱ्यात उद्यम प्रमाणपत्र जोडायचं. परचेसच्या माणसाला तुमचं बिल अनेकांतलं एक. अकाउंट्सच्या माणसाला ते मार्चअखेरचं दुखणं.

याला मर्यादा आहेत, त्याही सांगतो. उद्यम नोंदणी ‘व्यापारी’ म्हणून असेल, म्हणजे माल घेऊन विकत असाल, तर उशिरा पैशाच्या या तरतुदीचा फायदा मिळत नाही. मध्यम उद्योगालाही नाही. आणि नोंदणी आधीची हवी. बिल अडकल्यावर धावत जाऊन केलेली नोंदणी जुन्या बिलाला उपयोगी पडेल या भरवशावर राहू नका. माल खरोखर सदोष असेल आणि तक्रार वेळेत लेखी आलेली असेल, तर असा मेल उलट तुमच्यावरच येतो. तिथं आधी मालाचा प्रश्न मिटवायचा.

फोनला मेलची गाठ मारा

तिसऱ्या मेलनंतर बहुतेक वेळा काय होतं? उत्तर मेलनं येत नाही. फोन येतो. ‘अहो, एवढं कशाला लिहिता, आपले जुने संबंध आहेत. अकरा तारखेला सोडतो पैसे.’

चांगली गोष्ट आहे. फोनवर मोकळेपणानं बोला, आभार माना. आणि फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत, त्याच धाग्यावर, दोन ओळी : ‘ॲज डिस्कस्ड ओव्हर फोन टुडे, चार लाखांचं पेमेंट ११ ऑगस्टला होईल असं आपण सांगितलं. सहकार्याबद्दल आभार.’ आजच्या सगळ्या वाक्यांत मला विचाराल तर हे सगळ्यात कामाचं. यात तक्रार नाही, धमकी नाही, उलट आभार आहेत. पण तोंडी शब्दाला लेखी गाठ पडली. त्यांना ते खरं वाटत नसेल तर त्यांनाच ‘असं म्हणालो नव्हतो’ असं लिहावं लागेल, आणि ते सहसा कुणी लिहीत नाही.

अकरा तारखेला अर्धेच पैसे आले तर? पोच देताना ‘फुल अँड फायनल’ हा शब्द चुकूनही जाऊ देऊ नका. ‘दोन लाख मिळाले, दोन लाख बाकी, आमचे हक्क राखून’ असं लिहा. इंग्रजीत त्यासाठी ‘विदाउट प्रेज्युडिस टू अवर राइट्स’ असा प्रघात आहे. आणि पूर्ण पैसे आले, तर व्याज मागायचं का? तो तुमच्या धंद्याचा निर्णय. पुढची ऑर्डर हवी असेल तर बरेच जण सोडून देतात. पण सोडायचं ते पैसे हातात आल्यावर, आधी नाही.

हेच मेल तुम्हाला आले तर

शेवटी उलट बाजू. शिरोळ, जयसिंगपूरची आपली पोरं आता पुण्यात, बेंगळुरूत नोकरीला आहेत. त्यांना साहेबांचा मेल येतो, ‘ॲज पर माय अर्लियर मेल, काइंडली रिव्हर्ट’, आणि दिवसभर पोटात गोळा. आपलं काय चुकलं, साहेब चिडलेत का?

आधी खाली जाऊन तो अर्लियर मेल उघडा. त्यात नेमकं काय मागितलं होतं, ते एका ओळीत लिहून काढा. दोन शक्यता असतात. मागणी स्पष्ट असेल, तर उत्तरात माफीचा परिच्छेद नको. ‘रिपोर्ट आज पाच वाजेपर्यंत पाठवतो’ एवढं पुरे. उशिराचं उत्तर तारखेनं द्यायचं असतं. आणि मागणी स्पष्टच नसेल, तर नम्रपणे विचारा, ‘२० तारखेच्या मेलमध्ये दोन मुद्दे आहेत, आपल्याला दुसऱ्याबद्दल उत्तर हवं आहे ना?’ बऱ्याचदा चिडलेल्या दिसणाऱ्या मेलच्या मुळाशी धड न विचारलेला प्रश्नच असतो.

तर मंडळी, आज एक करून बघा. तुमच्या सेंट फोल्डरमधला शेवटचा ‘काइंडली रिव्हर्ट’ शोधा आणि त्याच्या पुढं-मागं तारीख आहे का ते पाहा. नसेल, तर उत्तर का आलं नाही ते तिथंच कळेल. भेटू पुढच्या भागात.